न्यूट्रल तापतोय: केबल बदलावी, झिगझॅग बसवावा, ट्रान्सफॉर्मर घ्यावा की फिल्टर?

मजल्याच्या डीबीवर टाँग टेस्टर लावला की तिन्ही फेजवर ७३-७३ ॲम्पिअर दिसतात. लोड इतका समान वाटलेला पाहून कोणीही म्हणेल, न्यूट्रलवर फार तर दोन-चार ॲम्पिअर असतील. तिथे मीटर १०८ दाखवतो. पहिला संशय मीटरवरच येतो. मीटरला वारंवारता मोजायची सोय असेल तर ते बटण न्यूट्रलवर दाबून पाहा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १५० हर्ट्झ दिसले, तर मीटर बरोबर आहे. फेजमधला लोड विषम असता, तर ५० दिसले असते.

हे १५० येतात कुठून? संगणक, मॉनिटर, लॅपटॉपचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर या सगळ्यांच्या आत एसएमपीएस असतो. त्याच्या तोंडाशी डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर असतो. कपॅसिटर भरलेला असताना करंट येत नाही. व्होल्टेज शिखराजवळ पोहोचले की तेवढ्यापुरता एक टोकदार झटका येतो. या झटक्यात मूळ ५० हर्ट्झबरोबर तिसरा, पाचवा, सातवा असे हार्मोनिक, म्हणजे ५० च्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे करंट, मिसळलेले असतात. तीन फेजमध्ये १२० अंशांचे अंतर असते, म्हणून मूळ करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. तिसऱ्या हार्मोनिकला मात्र हे अंतर तिप्पट म्हणजे ३६० अंश पडते, थोडक्यात शून्य. त्यामुळे तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक एका पावलावर चालतात आणि न्यूट्रलमध्ये सरळ बेरीज होते. नववा, पंधरावा असे तिनाच्या विषम पटीतले बाकीचे हार्मोनिकही असेच वागतात.

आता एक उदाहरण घेऊन सगळे उपाय त्याच मापाने तोलू. दर फेजला मूळ करंट ६० ॲम्पिअर, तिसरा ३६, पाचवा १८, सातवा ६ आणि नववा ३. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की फेजचा खरा करंट ७३ येतो. न्यूट्रलमध्ये तिसरा ३६ गुणिले ३ म्हणजे १०८. नवव्याचे ९ वर्गांच्या बेरजेत धरले तरी आकडा १०८ च राहतो. मुख्य पॅनेलपासून या डीबीपर्यंत साडेतीन कोअरची केबल आहे. तिच्या फेज कोअरची क्षमता १२० ॲम्पिअर, अर्ध्या जाडीच्या न्यूट्रलची ७८ च्या आसपास आणि एमसीसीबी १०० ॲम्पिअरचा, असे धरू.

फेज कोअर साठ टक्के क्षमतेवर आरामात आहे. न्यूट्रल ७८ च्या जागी १०८ वाहतोय, म्हणजे त्यात उष्णता जवळपास दुप्पट तयार होते. तीन पोलचा एमसीसीबी फक्त फेज पाहतो. त्याच्या लेखी ७३ ॲम्पिअर चालू आहेत, मग तो ट्रिप का होईल? आधी न्यूट्रलच्या लगजवळचे इन्सुलेशन तपकिरी पडते, पुढे बारचा स्क्रू सैल होतो. न्यूट्रल पूर्ण सुटला की हार्मोनिकचा प्रश्न मागे पडतो. कमी लोडच्या फेजवरच्या उपकरणांना २३० च्या ऐवजी ३०० व्होल्टच्या पुढेही जाऊ शकणारा दाब मिळतो आणि पॉवर सप्लाय ओळीने जळतात.

मापनातली एक फसवणूक इथेच सांगतो. ट्रू आरएमएस नसलेला स्वस्त टेस्टर टोकदार करंट कमी दाखवतो. फेजचे ७३ त्याला ५०-६० च्या घरात दिसू शकतात. न्यूट्रलमधला करंट मात्र बराचसा शुद्ध १५० हर्ट्झचा असल्याने तिथे तो त्या मानाने बरा चालतो. नोंदवहीत फेजचे आकडे लिहिले आहेत आणि न्यूट्रलचा रकानाच नाही, असे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता आधी तो रकाना शोधतो.

उपाय चार. प्रत्येक उपायानंतर फीडर केबलमध्ये काय उरते आणि उपाय बंद पडला तर काय होते, ते पाहा:

| उपाय | फेज (ॲम्पिअर) | न्यूट्रल (ॲम्पिअर) | उपाय बंद पडला तर |
|---|---|---|---|
| पूर्ण न्यूट्रलची केबल | ७३ | १०८, क्षमता १२० | बंद पडण्यासारखे काही नाही |
| झिगझॅग, ८० टक्के वळवला तर | ६३ | २२ | पुन्हा १०८, गुपचूप |
| डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर | ६३ | ० | मजल्याचा लोडच बंद |
| चार वायरचा ॲक्टिव्ह फिल्टर, ९० टक्के | ६० | ११ | पुन्हा १०८, गुपचूप |

माझ्या लेखी शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोटेशनमध्ये तो कधीच नसतो.

केबलचा उपाय कंटाळवाणा आणि पक्का. तिसरा हार्मोनिक फेज करंटच्या ४५ टक्क्यांपुढे गेला, की केबल न्यूट्रलच्या करंटवर निवडावी, असे आयईसी ६०३६४-५-५२ सांगते. ३३ ते ४५ टक्क्यांमध्येही निवड न्यूट्रलवरच होते, पण तेव्हा चारही कोअर तापत असल्याने क्षमता ०.८६ ने कमी धरावी लागते. आपल्याकडे प्रमाण ३६ भागिले ७३, म्हणजे जवळपास ५० टक्के आहे. म्हणून १०८ पेलणारा न्यूट्रल हवा, आणि त्याच जाडीच्या पूर्ण चार कोअरच्या केबलने काम भागते. दुप्पट न्यूट्रल घेतला तर पुढच्या वाढीला जागा राहते. न्यूट्रलचा बार, लिंक आणि लग मात्र त्याच हिशोबाने बदलायला हवेत. केबल जाड आणि बार जुनाच, हा प्रकार नेहमीचा आहे.

जुनी केबल तशीच ठेवून शेजारी न्यूट्रलची एक जादा वायर टाकायचा मोह होतो. कागदावर करंट जाडीच्या प्रमाणात वाटला जातो. पण ती वायर फेजपासून लांबून गेली तर तिचा रिॲक्टन्स वाढतो, १५० हर्ट्झला तो तिप्पट जाणवतो, आणि करंट पुन्हा जुन्या बारीक कोअरकडेच झुकतो. टाकायचीच असेल तर फेजला अगदी चिकटून टाका आणि नंतर दोन्ही वायरवर वेगवेगळे मोजा.

केबलने हार्मोनिक कमी होत नाही, हे खरे. तो वर जातो आणि मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टामध्ये फिरत राहून तिथे उष्णता तयार करतो. तो ट्रान्सफॉर्मर आधीच काठावर असेल, तर नुसती केबल पुरणार नाही.

झिगझॅग रिॲक्टर डीबीजवळ फेज आणि न्यूट्रलमध्ये समांतर बसतो. एका पायावरची दोन गुंडाळणी वेगवेगळ्या फेजची आणि उलट दिशेची असतात. म्हणून एका पावलावर चालणाऱ्या करंटला तो फार कमी अडथळा करतो आणि मूळ ५० हर्ट्झला जवळपास बंद राहतो. तिसरा हार्मोनिक लोड आणि झिगझॅग यांच्यातच फिरतो. किती वळतो, हे मात्र त्याचा अडथळा आणि वरच्या केबलचा अडथळा यांच्या तुलनेवर ठरते. केबल लांब असेल तर फायदा मोठा. मुख्य पॅनेलशेजारी बसवला तर केबलमध्ये काहीही फरक पडत नाही. टेबलातले ८० टक्के मी हिशोबासाठी धरले आहेत, विक्रेत्याकडून हा आकडा तुमच्या केबलच्या लांबीसाठी मागा. आपल्या उदाहरणात ३० टक्के वळला तरी न्यूट्रल ७६ वर येतो, म्हणजे जेमतेम सुटतो.

त्याच्या खोडीही आहेत. पुरवठ्याचे व्होल्टेज विषम असेल तर तो ५० हर्ट्झचा करंटही ओढतो. एक फेज गेली की त्याच्यावर भार चढतो. फेज-न्यूट्रल शॉर्टचा करंट वाढतो, म्हणून ब्रेकरची क्षमता पुन्हा तपासावी लागते. पाचवा आणि सातवा हार्मोनिक तसेच राहतात.

ट्रान्सफॉर्मर मजल्यावर आणला तर चित्र बदलते. प्रायमरी डेल्टा, त्यामुळे फीडरला न्यूट्रल लागतच नाही. तिसरा हार्मोनिक डेल्टाच्या आत फिरतो आणि फीडरमध्ये मूळ, पाचवा, सातवा एवढेच उरतात: ६३ ॲम्पिअर. जुनी साडेतीन कोअरची केबल आहे तशी चालते. शाफ्टमध्ये नवी केबल ओढायला जागाच नसेल, तर हा उपाय फार मोलाचा.

साधा ट्रान्सफॉर्मर मात्र घेऊ नका. एडी करंटचे नुकसान वारंवारतेच्या वर्गाने वाढते, म्हणून के-फॅक्टर काढावा. प्रत्येक करंटचा वर्ग त्याच्या क्रमांकाच्या वर्गाने गुणून बेरीज करायची आणि ती करंटच्या वर्गांच्या बेरजेने भागायची. आपल्या आकड्यांत २५८५७ भागिले ५२६५, म्हणजे ४.९. के-४ अपुरा पडतो, के-९ पुरतो. किंमत म्हणून चोवीस तासांचे नो-लोड नुकसान, वजन आणि गुरगुर सोसावी लागते. सेकंडरीचा न्यूट्रल १०८ साठीच लागेल आणि नव्या स्टार पॉइंटचे अर्थिंग करावे लागेल.

ॲक्टिव्ह फिल्टर उलटा करंट सोडून हार्मोनिक पुसतो आणि पाचवा, सातवाही पुसतो. इथे सगळ्यात महाग चूक म्हणजे तीन वायरचा फिल्टर घेणे. त्याला न्यूट्रलच जोडलेला नसतो, त्यामुळे तिसऱ्याला तो हात लावू शकत नाही. चार वायरचा घेताना फेजची क्षमता ४१ ॲम्पिअर लागेल, पण न्यूट्रलच्या पायाला १०८ च हवेत. 'फिल्टर ५० ॲम्पिअरचा आहे' एवढ्यावर सही करू नका, न्यूट्रलचा आकडा वेगळा लिहून घ्या.

नवे, करंटचा आकार सुधारणारे पीएफसी सर्किट असलेले संगणक आणले की प्रश्न मिटेल, असेही सुचवले जाते. थोडा मिटतो. पण आयईसी ६१०००-३-२ मध्ये संगणक-मॉनिटरच्या वर्गाला ७५ वॉटखाली मर्यादाच नाही, आणि लॅपटॉपचे पुष्कळ चार्जर त्याच्या आतले असतात. ७५ च्या वर तिसऱ्या हार्मोनिकला मर्यादा आहे ती वॉटमागे ३.४ मिलिॲम्पिअर. २३० व्होल्टवर एका वॉटला मूळ करंट ४.३५ मिलिॲम्पिअर लागतो, म्हणजे नियम पाळूनही तिसरा हार्मोनिक मूळच्या ७८ टक्के असू शकतो! आपल्या उदाहरणात तो ६० टक्केच धरला आहे.

मग घ्यायचे काय? शाफ्टमध्ये जागा असेल तर केबल, फार विचार न करता. जागा नसेल तर ट्रान्सफॉर्मर. झिगझॅग आणि फिल्टर मी तेव्हाच सुचवतो, जेव्हा न्यूट्रल त्यांच्याविनाही जळणार नाही अशा जाडीचा आहे आणि अडचण वरच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा व्होल्टेजच्या बिघडलेल्या आकाराची आहे. अर्ध्या न्यूट्रलला वाचवायला झिगझॅग लावला आणि एका रात्री त्याचा फ्यूज उडाला, तर सकाळी न्यूट्रल पुन्हा १०८ वर असतो आणि कोणालाच कळत नाही.

तरीही तो मार्ग धरावाच लागला, तर न्यूट्रलवर ओव्हरलोड पाहणारा चार पोलचा एमसीसीबी बसवा. न्यूट्रल फेजच्या आधी कधीही तुटता कामा नये, ट्रिप झाला तर फेज गेल्याच पाहिजेत. बसवल्यावर पूर्ण लोडच्या वेळी झिगझॅगच्या दोन्ही बाजूंना न्यूट्रल मोजा. लोडच्या बाजूला १०८ तसेच राहतील, तो तुकडा कितीही लहान असला तरी त्याची वायर १०८ चीच हवी.