डायोड डिटेक्टर: १० नॅनोफॅरड घ्यावा की २.२?

आकाशवाणी ऐकायला मीडियम वेव्हचा संच जुळवताना डायोडपुढे १० किलोओहमचा रोध बसवला, की वाद उरतो तो कपॅसिटरचा.

१० नॅनोफॅरड लावला तर कालस्थिरांक १०० मायक्रोसेकंद होतो. डिटेक्टरपर्यंत येणाऱ्या ४५५ किलोहर्ट्‌झच्या इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सीचं एक आवर्तन २.२ मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे दोन शिखरांच्या मधे व्होल्टेज जेमतेम दोन टक्के घसरतं. लहर दिसायला छान गुळगुळीत! पण एन्व्हलप, म्हणजे शिखरांना जोडणारी आवाजाची रेघ, झपाट्याने खाली येतं, तेव्हा कपॅसिटर तितक्या वेगाने रिकामा होत नाही. डायोड बंद राहतो आणि दरी तिरकी कापली जाते.

मर्यादा अशी, यात m म्हणजे मॉड्युलेशनचं प्रमाण आणि fm म्हणजे आवाजाची वारंवारता:

`RC ≤ √(1−m²) / (2π·fm·m)`

मॉड्युलेशन ८० टक्के धरलं, तर १०० मायक्रोसेकंदांचा डिटेक्टर साधारण १२०० हर्ट्‌झपर्यंतच साथ देतो. त्यावरचे सूर जोरात आले की आवाज चिरका होतो.

२.२ नॅनोफॅरडने कालस्थिरांक २२ मायक्रोसेकंद होतो. ५ किलोहर्ट्‌झला सूत्र २४ देतं, म्हणजे निभावतं. बदल्यात रिपल दहा टक्क्यांच्या आसपास जातो, पण तो पुढच्या फिल्टरने काढता येतो. कापलेली दरी मात्र कुठलाच फिल्टर परत आणत नाही, म्हणून माझं मत २.२ लाच. अर्थात मॉड्युलेशन शंभर टक्क्यांना टेकलं तर सूत्राची मर्यादा शून्य होते, तिथे हाही हरतो.

स्कोपवर मात्र नीट बघा. उतार तिरका सरळ दिसला तर दोष कपॅसिटरचा. तळ सपाट कापलेला असेल तर पुढच्या टप्प्याचा एसी भार तपासा. तिथे कपॅसिटर बदलून काही होणार नाही.