टोमॅटोची ५० दिवसांची म्हातारी रोपं २६ दिवसांची म्हणून माझ्या गळ्यात मारली

लिहू का नको असं करत बरेच दिवस गेले, कारण लाज वाटते. ११ वर्षं टोमॅटो करतोय मी, नारायणगाव मार्केटला माल घालतो आणि रोपात फसलो. एखादा नवखा फसला तर लोक हळहळतात, माझ्यासारखा फसला की हसतात. हसा. पण आधी वाचा, कारण हे उद्या तुमच्या बांधावर पण येणार आहे.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोचं काय सोनं झालं होतं ते सांगायला नको. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात जो तो टोमॅटो लावायला निघाला आणि माझ्या नेहमीच्या नर्सरीवाल्याने फेब्रुवारीतच हात वर केले, एप्रिलचं बुकिंग फुल. पूर्वी मी घरीच गादीवाफ्यावर रोप टाकायचो, पण पांढऱ्या माशीने रोपातच व्हायरस आणला की पुढे सगळं वाया, म्हणून ट्रेच्या रोपावर आलो होतो. आता परत वाफ्यावर जायची हिंमत नव्हती. तेवढ्यात एका पाहुण्याने नंबर दिला. नर्सरी ४० किलोमीटरवर, शेडनेट बरं दिसत होतं, म्हणजे फोटोत बरं दिसत होतं. मी गेलो नाही. इथेच पहिली माती खाल्ली.

माझा हिशोब चुकला नव्हता हे मात्र छातीठोक सांगतो. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत बाजार हातात असतो, पुढे ऑगस्टमध्ये नाशिक-पिंपळगावचा माल सुरू होतो आणि मग आपल्याला कोण विचारतो. लागणीपासून साधारण ६०-६५ दिवसांनी पहिला तोडा धरायचा. म्हणून पाडव्याला, ९ एप्रिलला एक एकर आणि २९ एप्रिलला दुसरं एकर असे दोन टप्पे केले. सगळा माल एका आठवड्यात आला आणि नेमका बाजार पडला तर दुसऱ्या टप्प्याने सावरता यावं. उन्हाळ्यात ट्रेमधलं टोमॅटोचं रोप २५-२६ दिवसांत लावायला येतं, म्हणजे ९ एप्रिलसाठी बी १४ मार्चला पडायला हवं. नर्सरीवाल्याला हीच तारीख सांगितली. तो म्हणाला, "शेठ, तारखेला गाडी दारात."

एकरी ७,००० प्रमाणे १४,००० रोपं, रोपाला १ रुपया ५५ पैसे, एकूण २१,७००. ११,००० ॲडव्हान्स टाकले. तो दर चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, ट्रेला चिठ्ठी, चिठ्ठीवर १४/३. मी ते फोटो गावात चार जणांना दाखवले पण. आता आठवलं की अंगाची लाही होते, कारण १०४ कप्प्यांचे काळे ट्रे सगळ्यांचे सारखेच, चिठ्ठीवर कुणीही काहीही लिहावं.

पाडव्याला सकाळी साडेसातला गाडी आली. ६८ ट्रे. बारा बाया शेतात उभ्या, मल्चिंगला भोकं पाडून तयार, ड्रिप रात्रीच चालवून बेड ओला केलेला. रोपं उंचीला बरोबर, वीतभर, हिरवीगार. मी खूश. आमच्या सौंनी एक ट्रे उचलला आणि म्हणाल्या, "अहो, ह्याला तर कळी धरलीय." मी बघितलं, खरंच, दोन-तीन रोपांना शेंड्यात बारीक कळी. आणि बऱ्याच रोपांचा शेंडा कापलेला. कापल्याची खूण वाळून तपकिरी झालेली, म्हणजे कापून आठ-दहा दिवस झालेले. सोबत आलेल्या नर्सरीवाल्याच्या पोराला विचारलं तर तो म्हणतो, "हार्डनिंगसाठी शेंडा मारलाय दादा, फुटवे जास्त येतात." आणि मी, ११ वर्षांचा अनुभवी माणूस, बायकोला म्हणालो, "तू गप, बायांना कामाला लाव."

तो क्षण माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. अहो २६ दिवसांच्या रोपाला कळी कुठून येणार? आणि ज्या रोपाची वाढ वेळेत आहे त्याचा शेंडा कशाला कापेल कुणी? रोप हाताबाहेर उंच गेलं, लोळायला लागलं तरच कापतात. वीतभर उंची दिसली ती कापल्यामुळे! खोड हाताला लागलं तेही काडीसारखं टणक, खालच्या बाजूला जांभळट, आणि बुडाची दोन पानं पिवळी पडून गळालेली. एक रोप उपटून बघितलं असतं तरी कळलं असतं. चांगल्या रोपाची मुळं पांढरी असतात, कोकोपीट धरून ठेवतात आणि रोप अलगद निघतं. ह्यांची मुळं तपकिरी, कप्प्याच्या आत गोल गोल गुंडाळून खालच्या भोकातून बाहेर आलेली होती, लावताना बाया म्हणत होत्या की रोप ओढून काढावं लागतंय. मी ऐकलं पण आणि सोडून पण दिलं. पण तुम्हीच सांगा, बारा बाया उभ्या, रोज ३५०, पाडव्याचा मुहूर्त, वर ऊन चढतंय, त्या वेळी गाडी परत पाठवायची कुणाची हिंमत होते? म्हणून सांगतो, रोपं येणार त्याच दिवशी मजूर सांगू नका. रोप आदल्या दिवशी सावलीत उतरवून घ्या, निवांत बघा, पटलं नाही तर परत पाठवता येतं. गाडीवाल्याला आणि नर्सरीवाल्याला माहीत असतं की बाया उभ्या असल्या की शेतकरी काही बोलत नाही.

वर त्या पोराने सांगितलं की दुसऱ्या लॉटचं बी आजच टाकायचंय, मालकाने पूर्ण पैसे मागितलेत. (वीस दिवसांत कुठलं रोप येतं? हाही हिशोब मी त्या दिवशी केला नाही, धन्य माझी.) उरलेले १०,७०० जागेवर फोनवरून टाकले. ट्रेचं डिपॉझिट २० रुपयांप्रमाणे १,३६०, गाडीभाडं १,५००.

दोन आठवड्यांनी झाडं जेमतेम वीतभर आणि अंगभर फुलं. शेजारी त्याच आठवड्यात दुसऱ्या नर्सरीचं रोप लावलेलं, त्याचा प्लॉट गुडघ्याला आलेला. एक झाड उपटलं तर कोकोपीटचा गोळा जसाच्या तसा, ट्रेच्या कप्प्याच्या आकाराचा, मुळं त्याच्यातच फिरत बसलेली, आजूबाजूच्या मातीत चार बारीक धागे गेले असतील नसतील. रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलं की असंच होतं, मुळाला गोल फिरायची सवय लागते, मातीत टाकलं तरी ते पसरत नाही आणि झाड आपलं आयुष्य संपत आलं समजून फुलावर जातं. वरून किती खत सोडा, घेणार कोण.

खरा घोळ कळला तो ट्रे धुताना. डिपॉझिट परत मिळेल म्हणून पोरांना ट्रे धुवायला लावले तर एका ट्रेच्या कडेला चिखलाखाली मार्करने लिहिलेलं, दुसऱ्याच कुणाच्या नावाची दोन अक्षरं आणि १९/२. मग अजून चार ट्रेवर तेच. १९ फेब्रुवारी ते ९ एप्रिल, मोजा, ५० दिवस. कुणीतरी बुक केलेली रोपं नेली नाहीत, ती ह्याने पाणी तोडून, शेंडे कापून दाबून ठेवली आणि नवी चिठ्ठी लावून माझ्या गळ्यात मारली. फोन केला तर "असं होत नाही शेठ, तुमचं पाणी चुकलं." नंतर फोन उचलणं बंद. २९ एप्रिलचा दुसरा लॉट आजपर्यंत आलेला नाही. त्या एकरात पेपर अंथरलेला होता, शेवटी काकडी टाकली.

आणि नुसतं उत्पन्न कमी आलं असं नाही, वेळापत्रकच बोंबललं. आधीच कळीवर असलेली झाडं, २८ मे लाच पहिला तोडा निघाला, बाजार तेव्हा थंड. २२ जूनला प्लॉट संपला, आणि बाजार नेमका तेव्हा उठला. टप्पे ठरवताना आपण लागणीपासून दिवस मोजतो खरं, पण त्यात रोपाचं ट्रेमधलं वय गृहीत धरलेलं असतं, तेच खोटं निघालं तर सगळं कॅलेंडर खोटं. सगळे मिळून १८६ क्रेट, त्यातला निम्म्याहून जास्त बारीक माल. शेजाऱ्याचे हजाराच्या वर गेले.

रोपं, डिपॉझिट, भाडं मिळून २४,५६०. मल्चिंग पेपर ११,५५०, लागणीची मजुरी ४,२००, बेसल डोस ९,४००. झाले ४९,७१०. फवारण्या आणि बांधणी मी धरलेलीच नाही, धरली तर झोप येणार नाही.

आता सरकारी कथा ऐका. कृषी कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, बियाण्याची तक्रार आहे की रोपांची? बियाण्याची असेल तर तालुक्याची तक्रार निवारण समिती आहे, ती येऊन पंचनामा करते, पण त्याला बियाण्याची पिशवी, टॅग, लॉट नंबर आणि बिल लागतं. माझ्याकडे काय, तर वहीतला फाडलेला कागद, "टोमॅटो रोप १४,०००", खाली सही. वाणाचं नाव नाही, तारीख नाही, लॉट नाही. मी म्हणालो, साहेब नर्सरीला लायसन असेल ना? तर म्हणे १९६९ चा कायदा आहे तो फळांच्या नर्सरीला, भाजीपाल्याची रोपं त्यात बसत नाहीत. म्हणजे आंब्याचं एक कलम विकायला लायसन पाहिजे आणि लाखो टोमॅटोची रोपं विकायला नुसतं शेडनेट पुरतं! भाजीपाला नर्सरी काढायला २०२० पासून अनुदानाची योजना आहे, अहिल्यादेवींच्या नावाची, ती चांगलीच गोष्ट आहे, पण त्या रोपाचं वय बघायला कोण आहे? मग १९ दिवसांनी एक जण बांधावर आला, बूट चिखलात जाऊ नये म्हणून बांधावरच थांबला आणि म्हणाला उन्हाचा परिणाम वाटतोय. मी उपटलेलं झाड हातात दिलं तर म्हणे मुळं आमच्या फॉर्ममध्ये येत नाहीत. पोलीस स्टेशनला गेलो तर "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." दुसऱ्या लॉटचा मिळाला नाही म्हटलं तर "उशीर झाला असेल, वाट बघा." सायबर फसवणुकीच्या १९३० ला पण फोन लावला, त्यांनी सांगितलं पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, स्टेशनला जा. म्हणजे गोल फिरा, माझ्या रोपांच्या मुळांसारखं. वकील म्हणतो ग्राहक आयोगात चालेल, २०१२ ला सुप्रीम कोर्टाने बियाण्याच्या केसमध्ये शेतकरी ग्राहकच आहे असं सांगितलंय, पण फी ८,०००. बघू, कागद जमवतोय.

ज्यांचं आता बुकिंग चाललंय त्यांना एवढंच, बी स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि नर्सरीला फक्त रोप करून द्यायला सांगा, रिकामी पाकिटं परत मागून घ्या. बी टाकल्यावर दहाव्या दिवशी स्वतः जा, तेव्हा रोप दोन पानी दिसायला हवं, कुठल्या बेडवर आपले ट्रे आहेत ते बघून ट्रेवरच आपली खूण करा, चिठ्ठीवर नाही. घेताना मधल्या ट्रेमधलं रोप उपटा, कडेचं दाखवतील ते नाही. कळी दिसली, शेंडा कापलेला दिसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. दुसऱ्या लॉटचे पैसे दुसऱ्या लॉटला. आणि बायको काही म्हणाली तर ऐका हो.

६८ ट्रे गोठ्यामागे तसेच आहेत. १९/२ वाले पाच वेगळे काढून घरात कपाटावर ठेवलेत, वकिलाने सांगितलंय धुवायचे नाहीत. परवा नर्सरीवाल्याचा फोन आला, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. मला वाटलं पैसे देतोय. तर म्हणतो, "शेठ, ट्रे कधी पाठवताय? मला सीझनला कमी पडतायत."