शून्य बिलाचे ४,९५६ रुपये : लाईट बिलाची पावती स्वतः बघा

बेळगावात अनगोळच्या बाजूला वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. नवरा-बायको आणि एक मुलगा. मी उद्यमबागेत कामाला आहे, सकाळी सातला घर सोडतो. खाली मालक राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो, आणि त्यांनीही आम्हाला कधी परकं मानलं नाही. म्हणूनच हे सगळं इतके दिवस चाललं.

पोर्चमध्ये दोन मीटर आहेत, एक खालच्या घराचा, एक आमचा. महिन्याच्या पाच तारखेला काका एक चिठ्ठी देत. आधीचं रीडिंग, आताचं रीडिंग, युनिट गुणिले नऊ रुपये आणि खाली 'मोटार १५०'. मी मीटर बघायचो, रीडिंग बरोबर असायचं. आकडा जुळतो म्हणजे हिशोब बरोबर, असं मी धरून चाललो. बिलाची पावती मात्र कधी मागितली नाही. मीटर रीडर सकाळी दहाच्या सुमाराला येतो, मशिनवर पावती काढतो आणि खाली देऊन जातो. मागूनही काय उपयोग, ती कानडीत असते आणि मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही, असंही मनात होतं.

२०२५ च्या मे महिन्यात ताप आला म्हणून मी घरी होतो. काका बाहेर गेलेले, मीटर रीडरने पावती माझ्याच हातात ठेवली. शेजारची नववीतली पोरगी कानडी वाचते, तिला दाखवली. ती बोट ठेवून वाचत गेली आणि म्हणाली, "अंकल, ह्याच्यात गृहज्योती आहे. भरायचे ११७ रुपयेच आहेत." काकांची चिठ्ठी त्याच संध्याकाळी आली, १,३९२ रुपयांची.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गृहज्योती ही कर्नाटक सरकारची योजना, २०२३ च्या ऑगस्टपासून तिची शून्य बिलं यायला लागली. २०२२-२३ मध्ये त्या मीटरवर महिन्याला सरासरी जेवढे युनिट पडले, त्यावर दहा टक्के जास्त धरून तेवढे युनिट फुकट. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या पुढे गेलात तर सगळंच बिल भरायचं. आमच्या मीटरची सरासरी ११०, म्हणून १२१ युनिट फुकट. नावनोंदणी काकूंच्या आधारवर केलेली होती.

पावतीवरचा अकाउंट नंबर घेऊन मी हेस्कॉम या वीज कंपनीच्या काउंटरवर गेलो आणि मागच्या महिन्यांची बिलं बघून घेतली. पण एक गोष्ट तरीही खटकत होती. एप्रिलला १३८ युनिट झाले कसे? आमच्याकडे ना फ्रिज मोठा, ना एसी. मग एका रविवारी सकाळी आमच्या घरातला मेन स्विच खाली पाडला. घरात काहीच चालू नाही, तर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला नको. तो गप्प होता. पावणेसातला खाली काकांनी बोअरची मोटार चालू केली आणि आमच्या मीटरचा दिवा लुकलुकायला लागला. मोटारीची वायर आमच्या मीटरवरून घेतलेली होती. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh असं छापलेलं आहे, म्हणजे दिवा ३,२०० वेळा लागला की एक युनिट. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ५३ वेळा. तासाला ३,१८०, म्हणजे जवळजवळ एक युनिट. एक एचपीच्या मोटारीला एवढं लागतंच.

तोंडी बोललो असतो तर आवाज चढला असता. म्हणून पत्र लिहिलं, ते जसंच्या तसं देतो.

"ती. काकांना सा. न. वि. वि.

लाईट बिलाबद्दल लिहितो आहे, राग मानू नये. चार महिन्यांचं रीडिंग तुमच्याच चिठ्ठ्यांवरून घेतलं आहे.

जानेवारी : ४३१२ ते ४४२८, ११६ युनिट. मी दिले १,०४४. हेस्कॉमचं बिल शून्य.
फेब्रुवारी : ४४२८ ते ४५३९, १११ युनिट. दिले ९९९. बिल शून्य.
मार्च : ४५३९ ते ४६५८, ११९ युनिट. दिले १,०७१. बिल शून्य.
एप्रिल : ४६५८ ते ४७९६, १३८ युनिट. दिले १,२४२. बिल ११७.

हे झाले ४,३५६. त्यावर मोटारीचे दरमहा १५० प्रमाणे ६००. एकूण ४,९५६ रुपये तुम्ही घेतले आणि हेस्कॉमला ११७ भरले.

मोटार आमच्याच मीटरवर आहे, रविवारी मेन बंद करून मी खात्री केली. म्हणजे तिची वीज माझ्या युनिटांत आधीच आलेली आहे, वर १५० कशाचे? उन्हाळ्यात ती रोज पन्नास मिनिटं चालली. महिन्याला २५ तास, म्हणजे २५ युनिट. ते वजा केले तर एप्रिलचे माझे ११३ होतात, १२१ च्या आत. तेही बिल शून्यच आलं असतं.

तरी ते ११७ मी सोडतो. बाकीचे ४,८३९ परत द्यावेत किंवा भाड्यात वळते करावेत, आणि मोटारीची वायर तुमच्या मीटरवर घ्यावी. यापुढे पावती मला दाखवावी, जे बिल येईल ते मी भरीन."

काका दुसऱ्या दिवशी वर आले. म्हणाले, "योजना आमच्या नावावर आहे, फायदा आमचा. तुला वापरलेल्या विजेचे पैसे द्यायला काय झालं?" हे ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. वीज ज्या घरात जळते त्या घरासाठी ही सवलत आहे. भाडेकरूलाही ती मिळते. भाडेकरार, आधार आणि अकाउंट नंबर घेऊन सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर आपली नोंदणी करता येते. फक्त त्या मीटरला आधी कुणाचं आधार जोडलेलं असेल तर ते सोडवून घ्यावं लागतं. आणि नऊ रुपये हा दर तर कुठेच नाही. एप्रिल २०२५ पासून घरगुती युनिट ५ रुपये ८० पैसे होतं. त्यावर स्थिर आकार आणि कर लागतो.

आमच्या आधी इथे दोन कॉलेजची मुलं राहायची. त्यांच्यातल्या एकाला फोन केला, त्यालाही हीच चिठ्ठी आणि हेच नऊ रुपये. मी इथे आलो २०२४ च्या दिवाळीत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या चिठ्ठ्या मी फेकून दिल्या, त्यामुळे त्या पैशांचं मला बोलता आलं नाही. चिठ्ठी फेकू नका, फोटो तरी काढून ठेवा.

नवीन घर बघायला जाल तेव्हा डिपॉझिटचं बोलायच्या आधी मीटरचा अकाउंट नंबर मागा. फोनवर ज्या ॲपने आपण बिल भरतो, त्यात हेस्कॉम निवडून तो नंबर टाकला की किती रक्कम बाकी आहे ते दिसतं, कानडी यायची गरज नाही. मालक नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर मेन पाडून मीटरचा दिवा बघा, आणि मोटार चालू असतानाच बघा. मोटार बंद असताना बघितलं असतं तर मलाही काही कळलं नसतं.

जूनच्या भाड्यातून काकांनी ३,००० वळते केले. वायरमन माझ्यासमोर आला, मोटारीची वायर खालच्या मीटरवर गेली. जूनमध्ये आमचे १०४ युनिट झाले, पावती शून्याची. राहिलेल्या १,८३९ रुपयांसाठी मी दुसरं पत्र दिलं आहे. काकू अजून बोलत नाहीत.