तबला, पखवाज की मृदंगम: आधी डावं तोंड बघा

आळंदीत किंवा पंढरपुरात 'मृदंग' म्हटलं की समोर येतो तो पखवाज. चेन्नईत 'मृदंगम' मागितलात तर मिळतं कर्नाटक संगीताचं फणसाच्या लाकडाचं वाद्य. मुलाला मृदंग शिकवायचा असेल तर यातला कोणता, हे क्लास लावण्याआधीच विचारून घ्या.

तिन्हींच्या उजव्या तोंडावर शाई म्हणजे कायमचा काळा लेप असतो आणि ते षड्जाला लावतात. शाईच्या वजनामुळेच कातड्यातून नुसता धप्प आवाज न येता स्वर निघतो. खरा फरक डाव्या हाताशी आहे.

तबल्यात डावं तोंड म्हणजे वेगळा, बहुधा धातूचा डग्गा. त्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूला असते, त्यामुळे मनगट टेकायला जागा उरते. मनगट दाबत पुढे सरकवलं की घुमारा वर चढतो. ख्याल-ठुमरीच्या साथीला हीच लवचीक आस लागते.

पखवाज एकाच लाकडात कोरलेला, दोन तोंडांचा. त्याच्या डाव्या तोंडाला शाई नसते, वाजवायच्या आधी दर वेळी कणीक लावावी लागते. पुरीच्या पिठापेक्षा सैल मळलेला गोळा पुडीच्या, म्हणजे तोंडावरच्या कातड्याच्या, मधोमध दाबून बसवायचा, पंजाने थाप मारायची आणि ऐकायचं. आवाज चढा आला तर आणखी कणीक, बसका आला तर थोडी खरवडून काढायची. लांबलेल्या कीर्तनात कणीक सुकते, हलकी होते आणि डावी बाजू चढू लागते. तेव्हा ओलं बोट फिरवतात. वाजवून झाल्यावर ती काढायचा कंटाळा करू नका, वाळलेली कणीक नंतर ओढली तर पुडी खराब होते. इथे डावा हात पूर्ण पंजाने खुली थाप देतो. चौताल, धमारातले भारदस्त बोल त्यातूनच येतात.

मृदंगमच्या डावीकडेही ओला लेप असतो, पण बहुधा रव्याचा. त्याचे वादक मात्र डावा हात घासून गुमकी काढतात, आणि उजवीकडे बोटांचं काम फार बारीक असतं. सुरात आणण्याची पद्धतही वेगळी आहे. तबला-पखवाजात चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून मोठा फरक साधतात आणि पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडीने ठोकून बारीक. पारंपरिक मृदंगमला गट्टे नसतात. त्याची कडाच दगड आणि लाकडी ठोकळ्याने ठोकतात, म्हणून स्वर थोडाच हलतो आणि निरनिराळ्या पट्टीच्या गायकांसाठी वेगळं वाद्य ठेवावं लागतं.

भजन-कीर्तनाची ओढ असेल तर सरळ पखवाज घ्या. आधी तबला शिकून मग वळू म्हणणाऱ्याची बोटं बंद बोलांत अडकतात आणि थाप खुलायला वेळ लागतो, असं माझं मत आहे. नाट्यसंगीत, भावगीत, ख्यालासाठी तबला. भरतनाट्यम किंवा कर्नाटक गायनाची साथ करायची असेल तर मृदंगमच, पण जवळ पुडी बदलून देणारा कारागीर आहे का ते आधी शोधा.