'५१ टक्के' वाचून उधारीवर माल देण्याआधी हे तपासा

आमचा धंदा सुट्या भागांच्या पुरवठ्याचा. एका नव्या ग्राहक कंपनीने नव्वद दिवसांची उधारी मागितली आणि सोबत पत्र जोडलं: 'आमच्या भांडवलात अमुक उद्योगसमूहाचा ५१ टक्के वाटा असून आम्ही त्यांची उपकंपनी आहोत.' लेटरहेडवर समूहाचं बोधचिन्ह, ईमेलमध्ये समूहाचं नाव. समूह मोठा असल्यामुळे उधारी मंजूर झाली. पहिली बिलं वेळेवर चुकती झाली, मग ऑर्डर फुगली, आणि नंतर पैसे थांबले.

समूहाला लिहिलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही त्या कंपनीचे केवळ भागधारक आहोत, तिच्या देण्यांशी आमचा संबंध नाही. ते खरंच होतं. खोटं होतं ते 'उपकंपनी'.

बनाव कसा रचला होता ते नीट पाहा, कारण त्यातला ५१चा आकडा खरा होता. कंपनीच्या दर १,००० शेअरमागे ६०० साधे होते आणि ४०० प्राधान्य शेअर, ज्यांना मताधिकार नाही. दोन्हींचं दर्शनी मूल्य सारखंच. समूहाकडे १५० साधे आणि ३६० प्राधान्य, मिळून ५१०. म्हणजे भांडवलात ५१ टक्के, पण मतांत ६००पैकी १५०, फक्त २५ टक्के. उरलेली ७५ टक्के मतं प्रवर्तकांच्या खाजगी कंपनीकडे.

उपकंपनी ठरते ती नियंत्रणावरून. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत ही कसोटी आयएफआरएस १० मध्ये आहे. कंपनीच्या महत्त्वाच्या निर्णयांवर सत्ता कोणाची, तिच्या नफ्यातोट्याची झळ कोणाला, आणि ती सत्ता वापरून तो नफातोटा हलवता येतो का, असे प्रश्न तिथे विचारले जातात. निम्म्याहून जास्त मतं असली की बहुधा नियंत्रण असतं, पण भागधारकांच्या करारात प्रमुख निर्णयांना दुसऱ्याचीही संमती लागत असेल तर ५१ टक्के मतंही पुरत नाहीत. असं एकमताचं बंधन असलेलं नियंत्रण म्हणजे संयुक्त. त्यातून निघालेल्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेवर भागीदारांचा हक्क असेल तर तो संयुक्त उपक्रम. ५०:५० वाटा हा त्याचा पुरावा नव्हे, करार हा पुरावा. आणि २० टक्के किंवा त्याहून जास्त मतं असून नियंत्रण नसेल, तर लक्षणीय प्रभाव आहे असं गृहीत धरतात. तशी कंपनी सहयोगी. आमचा ग्राहक या तिसऱ्या खान्यातला होता.

हे कागदावर सापडलं असतं. कंपनीचं नेमकं नाव आणि नोंदणी क्रमांक घ्यायचा, नोंदणी कार्यालयात दाखल झालेली भागधारकांची यादी मिळवायची, आणि शेअरच्या प्रत्येक प्रकाराला मतं किती ते नियमावलीत पाहायचं. मग दुसऱ्या टोकाने यायचं: समूहाच्या वार्षिक अहवालातल्या एकत्रित हिशेबांच्या टिपांत या कंपनीचं नाव कोणत्या शीर्षकाखाली आहे? ती यादी वर्षअखेरची असते, नंतर शेअर विकलेले असू शकतात, म्हणून तारीखही बघायची. बोधचिन्हावर जाऊ नका, ते नुसत्या परवान्यावरही वापरता येतं.

समूहाच्या त्याच अहवालात एक बारीक टीप होती: 'सहयोगी कंपनीच्या तोट्यातील हिशेबात न धरलेला वाटा'. उपकंपनीची सगळी देणी पालक कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात ओळीओळीने मिळवली जातात. सहयोगी कंपनी आणि संयुक्त उपक्रम मात्र साधारणपणे गुंतवणुकीच्या एकाच ओळीत असतात. तोटा वाढत गेला की ती रक्कम घटत शून्यावर येते आणि तिथेच थांबते. पुढचा तोटा समूह आपल्या हिशेबात धरत नाही, कारण तो भरून देण्याचं बंधन त्याने घेतलेलं नसतं. ते बंधन घेतलेलं असतं तर शून्याखालीही जावं लागलं असतं. म्हणजे कंपनी पोखरली गेली आहे आणि समूह हात झटकून मोकळा आहे, या दोन्ही गोष्टी आमचा ट्रक सुटण्याआधीच छापलेल्या होत्या.

ती खरोखरच उपकंपनी असती तरी पैसे मिळाले असते का? आपोआप नाही. उपकंपनीही कायद्याने वेगळी व्यक्ती, तिचं कर्ज तिचंच. पालक कंपनीला बांधायचं तर तिने स्वतः सही केलेली हमी लागते, सोबत संचालक मंडळाचा ठराव, रकमेची मर्यादा आणि मुदत. 'आमचा या कंपनीला पाठिंबा आहे' अशी पत्रं फाईलमध्ये छान दिसतात, पण त्यातल्या शब्दांत पैसे देण्याची स्पष्ट कबुली नसेल तर वसुलीला बहुधा उपयोगी पडत नाहीत. शिवाय हमी खरी आहे का, हे समूहाच्या स्वतःच्या प्रसिद्ध पत्त्यावर लिहून विचारा. ग्राहकाने दिलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडे ग्राहकाचाच माणूस असेल. आमच्या हिशेबनिसाने तसा फोन केला होता, आणि पलीकडून 'हो, आमचीच कंपनी' असं उत्तर मिळालं होतं.