शिमग्याची रजा आणि मार्चएंड: मंजूर रजा पुढे ढकला म्हटल्यावर कोणता मार्ग धरावा

कोकणात नोकरी करणाऱ्याची गणपतीची रजा सहसा कुणी अडवत नाही, कारण त्या दिवसांत साहेबही गावाला निघालेला असतो. अडतं ते शिमग्याला. होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटच्या आठवड्यात, आणि शेवटच्या आठवड्यात आली की ती थेट मार्चएंडवर आदळते. फेब्रुवारीत मंजूर झालेली रजा मग मार्चच्या दहा-बारा तारखेला पुन्हा चर्चेला येते: "जरा एप्रिलमध्ये घेतलीस तर चालेल का? ऑफिसची अडचण आहे."

अशा वेळी तीन रस्ते असतात. सगळी रजा पुढे ढकलायची, रजा तोडून घ्यायची, किंवा तारीख तीच ठेवून काम दुसऱ्याकडे सोपवायचं. चौथा रस्ता सरळ नकाराचा. त्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे, पण माझ्या मते सुरुवात तिथून करू नये.

उदाहरण म्हणून 2024 सालचं कॅलेंडर घेऊ. होळी रविवारी 24 मार्चला होती, सोमवारी 25 ला धुळवड. समजा तुम्ही चिपळूणच्या एका वाहतूक कंपनीत अकाउंट्स पाहता आणि गाव गुहागर तालुक्यात आहे. गावाचा शिमगा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. होम झाल्यावर पालखी वाडीवाडीतून फिरते आणि तुमच्या घरी बुधवारी 27 ला येणार आहे. रजा मंजूर आहे मंगळवार 26 ते शनिवार 30, असे पाच दिवस.

उत्तर देण्याआधी या पाच दिवसांकडे नीट बघा, कारण ते सगळे सारखे नाहीत. मंगळवारी अंगण सारवायचं, घर आवरायचं, ओटीचं सामान आणायचं. बुधवारी पालखी दारात येते, घरची बाई ओटी भरते, गाऱ्हाणं घातलं जातं. पालखीची वेळ मानकरी ठरवतात. ती तुमच्या ऑफिससाठी थांबत नाही आणि वर्षात पुन्हा दारात येत नाही. गुरुवार ते शनिवार मात्र आरामाचे, पाहुण्यांचे, सहाणेवर नमन-खेळे बघायचे. म्हणजे पाचपैकी दोन दिवस तारखेला बांधलेले आहेत, तीन मोकळे आहेत. वाटाघाटीत हाच फरक कामाला येतो, आणि तो साहेबाला माहीत नसतो. त्याच्यापुढे फक्त "पाच दिवस रजा" एवढंच असतं.

आता हीच फोड ऑफिसच्या अडचणीची करा. "मार्चएंड आहे" हे कारण खरं असतं, पण फार ढोबळ असतं. 31 मार्चच्या आत नक्की काय व्हायला हवं, ते विचारा. मार्चमधली बिलं मार्चच्या तारखेची निघायला हवीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत उलटलेली देणी 31 मार्चपर्यंत भरावी लागतात, नाहीतर आयकरात त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही; 2023-24 हे त्या नियमाचं पहिलंच वर्ष असल्याने सगळ्या ऑफिसांत धावपळ होती. पण बँकेचा ताळमेळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसवला तरी चालतो. दरमहा भरणाऱ्यांचं मार्चचं विक्रीचं जीएसटी रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-1, 11 एप्रिलपर्यंत, कराचं रिटर्न 3बी 20 एप्रिलपर्यंत आणि मार्चमध्ये कापलेला टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो.

या तारखांवरून दोन गोष्टी कळतात. एक, तुमच्याशिवाय अडेल असं मार्चमधलं काम थोडं आहे आणि ते बहुतेक शेवटच्या तीन-चार दिवसांत आहे. दुसरी जास्त महत्त्वाची: "एप्रिलमध्ये घे" हा शब्द पोकळ आहे. एप्रिलचे पहिले तीन आठवडे तुमच्याच टेबलावर रिटर्न असतात. आठ एप्रिलला रजा मागितलीत तर पुन्हा तेच ऐकाल. खरी मोकळी तारीख 20 एप्रिलनंतरची आहे, हे तुम्ही ओळखलंत तरच वाटाघाट बरोबरीची होते.

| | सगळी रजा पुढे | रजा तोडून | तारीख तीच, काम सोपवून |
|---|---|---|---|
| पालखी | हुकते | मिळते | मिळते |
| ऑफिसची अडचण | पूर्ण सुटते | बरीचशी सुटते | बदलीच्या माणसावर अवलंबून |
| तुमचा धोका | नवी तारीखही पुढे जाते | उरलेले दिवस विसरले जातात | गावात फोन वाजत राहतो |
| कुणाला जमेल | तारखेला न बांधलेली रजा | गाव जवळ असेल तर | गाव लांब, हाताशी तयार माणूस |

सगळी रजा पुढे ढकलणं शिमग्याच्या रजेला मला पटत नाही. पण तीच रजा घराची कौलं चाळायला घेतली असती, तर मी लगेच हो म्हणायला सांगितलं असतं. कौलांचं काम एप्रिलअखेर झालं तरी चालतं, फक्त पावसाच्या तोंडावर नको. मेच्या शेवटी गडी मिळत नाहीत आणि पाऊस कधी धरेल सांगता येत नाही. म्हणून तिथेही "नंतर बघू" यावर थांबू नका. "15 मेच्या आत" अशी वरची हद्द घालूनच होकार द्या. रजा पुढे गेल्यामुळे गाडीचं तिकीट रद्द करावं लागलं किंवा गड्याचा आगाऊ बुडाला, तर तो खर्च ऑफिसने द्यावा हे मागण्यात काही गैर नाही. मात्र ते होकार देतानाच मागा. महिन्याने पावती पुढे केलीत तर कुणी दाद देत नाही.

रजा तोडून घेणं आपल्या उदाहरणात सगळ्यात चांगलं बसतं, आणि त्याचं कारण अंतर आहे. चिपळूणहून गुहागर तालुक्यातलं गाव म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता. बुधवारी रात्री पालखी पुढच्या घरी गेली की गुरुवारी सकाळच्या एसटीने दहाला ऑफिस गाठता येतं. हाच तोडगा डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाला मात्र महागात पडतो. दोन दिवसांच्या रजेत त्याचा बराचसा वेळ प्रवासातच जातो. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सणाच्या गाड्या लगेच भरतात, त्यामुळे परतीची तारीख ऐनवेळी बदलली तर जागा मिळेलच असं नाही. त्याने तिसरा रस्ता धरावा.

रजा तोडताना लोक चुकतात ते उरलेल्या दिवसांत. "तीन दिवस नंतर दे" एवढं बोलून उठतात आणि ते दिवस हवेत विरतात. नवी तारीख त्याच संदेशात हवी. मी असा मेल लिहीन:

"सर, 26 ते 30 मार्चची माझी रजा मंजूर आहे. मार्चएंडची अडचण समजली. आमच्याकडे पालखी बुधवारी 27 ला येते, ती तारीख बदलता येत नाही, त्यामुळे 26 आणि 27 ला मी रजेवरच राहीन. 28, 29 आणि 30 ला ऑफिसला येईन आणि पुरवठादारांची देणी व मार्चची बिलं पूर्ण करीन. या तीन दिवसांच्या बदल्यात 22, 23 आणि 24 एप्रिलची रजा घेईन. तेव्हा 3बीची मुदत संपलेली असेल. तिचा अर्ज आजच टाकतोय. आपली संमती याच मेलवर कळवावी."

यात गयावया नाही आणि गुरगुरणंही नाही. साहेबाला काय मिळतंय ते आधी दिसतं, तुम्हाला काय हवंय ते तारखेसह. समोरासमोर बोलणं झालं असेल तरी हा मेल जाऊ द्या. बोलताना मान डोलावलेला माणूस एप्रिलमध्ये बदलून गेलेला असू शकतो.

तारीख तीच ठेवून काम सोपवायचं असेल तर बदलीचा माणूस कागदावर नाही, प्रत्यक्षात काम करू शकतो का ते बघा. अकाउंट्समध्ये हे नेहमी ओटीपीवर अडतं. बँकेचा आणि जीएसटी पोर्टलचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तुम्ही गावात आणि तिथे रेंज येते ती फक्त देवळाच्या चढावर. मग पालखी अंगणात असताना फोन: "आकडा सांग पटकन." यावर उपाय म्हणजे पासवर्ड देऊन टाकणं नव्हे. सहकाऱ्याचा वेगळा युजर बँकेकडून आधीच करून घ्या. त्याला काही दिवस लागतात, म्हणून विनंती आली त्याच दिवशी अर्ज द्या. निघण्यापूर्वी त्याच्याच लॉगिनने एक छोटं पेमेंट तुमच्यासमोर करून बघा. ते झालं तर निर्धास्त जा. नाही झालं तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही, रजा तोडण्याकडे वळा.

नकाराबद्दल. आधी एक साधा प्रश्न विचारा: "सर, ही विनंती आहे की रजा रद्द झाली आहे?" विनंती असेल तर नम्रपणे नाही म्हणता येतं. लेखी रद्द झाली असेल आणि तरी तुम्ही निघालात, तर ती गैरहजेरी धरली जाऊ शकते. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकान-ऑफिस-हॉटेलांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. म्हणून रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी आणि लेखी असणं महत्त्वाचं. पण हा कायदा दिवसांचा हिशेब राखतो, पालखीचा बुधवार राखून देत नाही. सरकारी नोकरीत तर रजा हक्क म्हणून मागताच येत नाही, असं रजा नियमातच लिहिलं आहे. बुधवार मिळवायचा तो बोलण्यातूनच.

किरकोळ रजा असेल तर आणखी जपा. ती वर्षअखेरीला संपते, पुढच्या वर्षात जात नाही. डिसेंबरमधली किरकोळ रजा जानेवारीत ढकलणं म्हणजे ती सोडून देणं, म्हणून तिथे पुढच्या तारखेऐवजी बदली सुट्टी लेखी मागा.

आणि 22 एप्रिल जवळ आल्यावर पुन्हा "अजून थोडं पुढे" आलं तर? तेव्हा मार्चचा मेल त्याच धाग्यात पुढे पाठवा आणि वर एवढंच लिहा: "मार्चमध्ये तीन दिवस सोडले ते या तारखांच्या बदल्यात. आता बदल करता येणार नाही. 3बी 18 ला भरून ठेवीन, चलनाची प्रत फाइलला लावीन." आणि 3बी खरोखरच 18 ला भरा.