मी माझ्या हाताने पाठवलेली ट्रान्सलेशन मेमरी

हा अनुभव लिहायला मला आठ महिने लागले. भाषांतराचं काम करणाऱ्या कुणावर हीच वेळ येऊ शकते, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगते.

काम ४३ पानांचं होतं, मराठीतून इंग्रजीत. मुलाच्या ताब्याचा खटला, त्यातलं आईचं शपथपत्र आणि सोबत तिच्या मानसोपचारांचे कागद. मूळ ग्राहक युरोपातलं वकिलांचं कार्यालय होतं आणि काम एका भाषांतर संस्थेमार्फत माझ्याकडे आलं होतं. गोपनीयतेचा करार सहा पानी होता. तो मी पूर्ण वाचून सही केली होती. फाइलला पासवर्ड होता आणि तो वेगळ्या मार्गाने आला होता. म्हणजे काळजी घेतली जात होती, निदान फाइलपुरती.

तिसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या समन्वयक बाईंचा मेल आला. आमच्या आधीच्या पत्रव्यवहाराच्या खालीच, त्याच विषयात, खरा काम क्रमांक घालून. मजकूर साधा होता: ‘मॅडम, तपासणीसाठी दुसरे भाषांतरकार नेमले आहेत. शब्दावली एकसारखी राहावी म्हणून आतापर्यंत झालेली फाइल आणि तुमची ट्रान्सलेशन मेमरी `.tmx` स्वरूपात खालच्या लिंकवर टाका. संध्याकाळी सहाच्या आत हवं आहे.’

मागणी धंद्याच्या भाषेत होती, म्हणून मी फसले. मेमरी म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीने साठवणारी सॉफ्टवेअरमधली फाइल; तपासनीसाला ती देणं आमच्यात नवीन नाही. तरीही मनात शंका आली, कारण या संस्थेचं सगळं काम त्यांच्या पोर्टलवरून चालतं आणि त्यांनी मेमरी कधी मागितली नव्हती. मी फोन केला. मेलच्या खाली सहीत दिलेल्या नंबरवर. एका बाईंनी उचलला, काम क्रमांक बरोबर सांगितला आणि म्हणाल्या, “हो मॅडम, आमच्याकडूनच गेलाय मेल, जरा लवकर पाठवाल का?” माझ्या फोनमध्ये समन्वयक बाईंचा जुना नंबर होता. तो मी लावला नाही. शंका खरी होती, पण तिची शहानिशा मी फसवणाऱ्याकडेच केली.

पाठवणाऱ्याचा पत्ता मी नीट पाहिला असता तरी कळलं असतं. संस्थेच्या नावातल्या `m` च्या जागी `rn` ही दोन अक्षरं होती. पडद्यावर ती शेजारी आली की `m` सारखीच दिसतात. तोच पत्ता मजकूर संपादकात चिकटवून अक्षरांचा आकार मोठा केला की फरक लगेच दिसतो.

मी दोन गोष्टी पाठवल्या: २६ पानांचा कच्चा मसुदा आणि माझी मेमरी. या कामाची नाही, माझी मुख्य मेमरी. सहा वर्षं मी सगळी कामं एकाच मेमरीत साठवत होते, कारण जुनी वाक्यं जुळून येतात आणि वेळ वाचतो. तिच्यात जवळपास ३८,००० वाक्यजोड्या होत्या.

मेमरीला आपण शब्दकोशासारखी वस्तू समजतो. तसं नाही. टीएमएक्स फाइल कोणत्याही साध्या मजकूर संपादकात उघडते, पासवर्ड लागत नाही, आणि आत हे असं दिसतं:

```
<tu creationdate="20210308T104512Z">
  <tuv xml:lang="mr">
    <seg>अर्जदार ४ वर्षे नैराश्यावरील
    औषधे घेत आहे.</seg>
  </tuv>
  <tuv xml:lang="en"><seg>...</seg></tuv>
</tu>
```

पूर्ण वाक्य, दोन्ही भाषांत, सेकंदापर्यंत वेळ घालून. वाक्यं एकामागून एक साठवलेली असतात, त्यामुळे वेळेच्या क्रमाने लावली की मूळ कागदाचा बराचसा भाग पुन्हा उभा राहतो. शपथपत्राचं पहिलं वाक्यच ‘मी, अमुक, वय, राहणार’ असं असतं. म्हणजे नाव वर आणि आजार खाली. काम संपल्यावर मी ग्राहकांच्या फाइली करारानुसार पुसत होते. त्यांचा मजकूर मात्र माझ्या मेमरीत राहत होता, आणि हे सहा वर्षं माझ्या लक्षात आलं नाही.

एकोणीस दिवसांनी खऱ्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्या आईला कुणीतरी पैसे मागणारं पत्र पाठवलं होतं आणि सोबत तिच्या उपचारांच्या इंग्रजी भाषांतराचं एक पान जोडलं होतं. त्यांनी मला ते पान दाखवलं आणि एका ओळीत मला उत्तर मिळालं. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली १ मार्च ही तारीख मी मसुद्यात ९ मार्च वाचली होती. हाताने लिहिलेला देवनागरी एक आणि नऊ किती जवळचे असतात हे ज्यांनी असे कागद वाचले आहेत त्यांना माहीत आहे. पुढच्या पानावरच्या नोंदीवरून चूक कळली आणि अंतिम भाषांतरात ती सुधारली होती. त्या पानावर ९ मार्च होतं. म्हणजे ते वकिलांकडून किंवा न्यायालयातून गेलेलं नव्हतं, माझ्या मसुद्यातूनच गेलं होतं.

मी तेव्हाच फोनवर सांगितलं की हे माझ्याकडून गेलं आहे आणि यासोबत आणखी बरंच गेलं आहे. दुसरा भाग बोलताना माझा आवाज फुटला. त्यांनी आपल्या मेलपेटीची तपासणी करवली, तेव्हा तिथे एक नियम सापडला: येणारा प्रत्येक मेल गुपचूप एका अनोळखी पत्त्यावर पुढे जात होता. कुणीतरी त्यांचा पासवर्ड मिळवून हा नियम लावला होता आणि आमची सगळी बोलणी वाचूनच सोंग घेतलं होतं.

युरोपच्या जीडीपीआर कायद्यात अशा वेळी घड्याळ लागतं. माहिती ज्याच्या ताब्यातली, त्या मूळ ग्राहकाला गळतीची जाणीव झाल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामक संस्थेला कळवावं लागतं. त्याच्या वतीने काम करणाऱ्याने विनाविलंब त्याला सांगायचं असतं. कोणाची, कोणत्या प्रकारची आणि किती माहिती गेली, हे सांगावं लागतं. त्या एका कामाचं मी तासाभरात लिहून दिलं. बाकीच्या ३८,००० जोड्या कोणाच्या, हे मला सांगताच येईना, कारण मेमरीत ग्राहकाचं नाव घालायची रकाना-सोय असूनही मी ती कधी भरली नव्हती.

शेवटी `creationdate` कामाला आलं. प्रत्येक जोडीची तारीख मी जुन्या बिलांशी ताडून पाहिली. चार दिवस लागले. बरीचशी वाक्यं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची आणि करारांच्या ठरावीक कलमांची निघाली. पण ज्यांची ओळख थेट पटेल अशी तेवीस माणसं त्यात होती. त्यांतल्या अकरा जणांचे आजारपणाचे किंवा घरच्या वादाचे तपशील होते. प्रत्येकाच्या ग्राहकाला मी स्वतः कळवलं. दोन संस्थांनी माझ्याबरोबरचं काम थांबवलं. मला त्यांचं बरोबर वाटतं.

आता मी काय करते तेही सांगते, कारण ‘सावध राहा’ एवढ्याने काही हाती लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक संवेदनशील कामाला वेगळी रिकामी मेमरी, आणि काम पोचतं झालं की तीही करारात ठरल्या दिवशी पुसायची. वेळ जास्त जातो. जाऊ दे.

दुसरी गोष्ट जास्त मेहनतीची आहे. फाइल भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधीच नावं, पत्ते, ओळखक्रमांक काढून त्यांच्या जागी खुणा घालायच्या. इंग्रजी मजकुरात ‘शोधा आणि बदला’ने हे बऱ्यापैकी जमतं. मराठीत ते फसतं, कारण आपल्याकडे नाव विभक्तीत बदलतं. ‘शिंदे’ शोधलं तर ‘शिंद्यांनी’ आणि ‘शिंद्यांच्या’ तशीच मागे राहतात. पहिल्याच प्रयत्नात माझी अशी नऊ ठिकाणं सुटली होती. म्हणून मी आता नावाचा न बदलणारा सुरुवातीचा तुकडा शोधते, इथे ‘शिंद’, आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदलते. खूण नुसती ‘व्यक्ती-१’ अशी ठेवली तर इंग्रजीत ‘ही’ की ‘शी’ ते कळत नाही, म्हणून [स्त्री-१], [पुरुष-२], [मूल-१] असं लिहिते आणि प्रत्यय बाहेर ठेवते: [स्त्री-१]ने, [मूल-१]ला. कोणती खूण कोणाची याचा तक्ता वेगळ्या, कूटबद्ध फाइलमध्ये राहतो आणि भाषांतर बाहेर काढल्यावरच नावं परत घातली जातात, पासपोर्टवर आहेत त्याच इंग्रजी अक्षरांत. एकाच नावाची तीन वेगळी स्पेलिंग होण्याची जुनी चूकही त्यामुळे थांबली.

याची मर्यादा मोठी आहे आणि ती मी ग्राहकाला आधीच सांगते. नाव काढलं तरी गाव, व्यवसाय, दुर्मीळ आजार आणि अपघाताची तारीख एकत्र आली की ओळखीच्या माणसाला कळतंच. आणि पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढणं म्हणजे नाव काढणं नव्हे. अशी पट्टी आलेल्या एका फाइलमधला मजकूर मी निवडून दुसरीकडे चिकटवला, तर खालचं नाव जसंच्या तसं उतरलं. तेव्हापासून कुणाकडून झाकलेली फाइल आली की ही चाचणी आधी करते आणि नाव उतरलं तर फाइल परत पाठवते.

फोनचा नियम एकच आहे: मेलमधल्या नंबरवर कधीच नाही, काम सुरू झालं तेव्हा लिहून घेतलेल्या नंबरवरच. मेमरी मागणारा प्रत्येक मेल या फोनशिवाय थांबतो, मुदत काहीही असो.

त्या तेवीस जणांपैकी एका बाईंनी संस्थेमार्फत माझ्याशी बोलायची इच्छा दाखवली. त्यांचे कागद मी पाच वर्षांपूर्वी केले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, माझं नेमकं काय गेलं ते मला वाचून दाखवा.” मी टीएमएक्स उघडली आणि त्यांची चौदा वाक्यं एकेक करून वाचली. सातव्या वाक्याला त्यांनी मला थांबवलं, त्यांच्या नवऱ्याला ते माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, “पुढचं वाचा.” मी उरलेली सात वाचली.